एका बाटलीचं लिस्टिंग तपासताना

वस्तू साधीच होती. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली, ५०० आणि ७५० मिलिलिटर असे दोन आकार आणि प्रत्येक आकाराचे चार रंग. मार्केटप्लेसच्या हिशेबात याचा अर्थ एक पॅरेंट, म्हणजे सगळ्यांची समाईक नोंद, आणि त्याखाली आठ चाइल्ड. विक्रेत्या बाईंनी सगळी माहिती एक्सेल टेम्प्लेटमध्ये भरून अपलोड केली होती आणि ते सगळं लिस्टिंग परत आलं होतं. सोबतच्या अहवालात तीन शेरे होते: मजकुरात निषिद्ध शब्द, आवश्यक माहिती अपुरी, प्रतिमांची संख्या नियमापेक्षा कमी. कोणता शब्द, कोणत्या ओळीत, कोणत्या चाइल्डची प्रतिमा, यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. असे अहवाल वाचण्याची मला सवय आहे. त्यातून आजार कळतो, जागा कळत नाही.

अशा वेळी मी आधी लिस्टिंग उघडत नाही, नियम उघडते. ते दोन ठिकाणी असतात. एक सगळ्या विक्रेत्यांसाठीचं सर्वसाधारण पान, आणि दुसरं त्या विशिष्ट कॅटेगरीचं. दोन्हींत फरक असला तर बहुतेक वेळा कॅटेगरीचा नियम जास्त कडक असतो. शिवाय एका मार्केटप्लेसचं दुसरीकडे चालत नाही. ईबेवर शीर्षक ८० अक्षरांत बसवावं लागतं आणि २४ फोटो देता येतात. ॲमेझॉन मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी मागतं आणि चौकटीचा किमान ८५ टक्के भाग वस्तूने व्यापलेला हवा असतो. बाईंनी दुसऱ्या एका साइटवरचं चालू लिस्टिंग जसंच्या तसं इकडे आणलं होतं, आणि अर्धी गडबड तिथूनच सुरू झाली होती. या मार्केटप्लेसवर त्यांच्या कॅटेगरीत प्रत्येक चाइल्डला किमान ४ आणि कमाल ८ प्रतिमा लागत होत्या. मुख्य फोटो त्यातच धरलेला होता.

निषिद्ध शब्दांसाठी मी सगळा मजकूर एका नव्या शीटवर उभा मांडला: प्रत्येक ओळीत एक चाइल्ड, एक रकाना आणि त्यातला मजकूर. शीर्षक, बुलेट, वर्णन, ग्राहकाला न दिसणारे सर्च कीवर्ड, रंगाची नावं, साहित्य, सोबत काय मिळतं, सगळं. लोक शीर्षक आणि वर्णन तपासतात आणि थांबतात. पण मार्केटप्लेसची यंत्रणा कीवर्डचा रकानाही तितक्याच बारकाईने वाचते. या बाईंच्या कीवर्डमध्ये एका प्रसिद्ध बाटलीवाल्या ब्रँडचं नाव होतं, तेही आठही ओळींत. ग्राहकाला ते दिसत नाही म्हणून चालेल, असा समज होता. ते आधी काढलं.

मग शब्दांची यादी. ती ढोबळमानाने तीन प्रकारची असते. `free`, `sale`, `best seller` असे जाहिरातबाजीचे शब्द, आरोग्याचे आणि जंतूंचे दावे, आणि हमीची भाषा, कारण वॉरंटीसाठी इथे वेगळा रकाना दिलेला होता. यादी मजकुरावर सरळ चालवली तर शीट लाल होऊन जाते. `secure lid` मध्ये `cure` सापडतं, `health` मध्ये `heal` सापडतं. म्हणून शब्दाच्या दोन्ही कडांना सीमा लावायची, म्हणजे `\bcure\b`. त्याने `secure` सुटतं. पण `BPA-free` मात्र सुटत नाही, कारण जोडरेघ ही यंत्राच्या दृष्टीने शब्दाची सीमाच असते आणि `free` तिथे पूर्ण शब्द म्हणून उभा राहतो.

इथे यंत्र बाजूला ठेवून नियम वाचावा लागतो. नियमाचा रोख फुकट वाटपावर होता आणि एखादा घटक वस्तूत नाही असं सांगणाऱ्या `-free` ला त्यात अपवाद दिलेला होता. म्हणजे शब्द चालणार होता. तरीही मी बाईंना विचारलं, हे कशाबद्दल लिहिलंय? स्टीलमध्ये बीपीए हे रसायन असण्याचा प्रश्नच येत नाही, तो येतो काही प्रकारच्या प्लॅस्टिकमध्ये आणि लेपांमध्ये. त्यांच्या बाटलीत प्लॅस्टिक होतं ते फक्त झाकणात. मग वाक्य `BPA-free lid` असं केलं आणि झाकणाच्या कारखान्याचा चाचणी अहवाल हाताशी ठेवायला सांगितलं. उद्या कोणी पुरावा मागितला तर कशाचा द्यायचा, हे तरी त्या वाक्यावरून ठरतं.

यादीला जे सापडतं त्यापेक्षा जे सापडत नाही त्याची मला जास्त धास्ती असते. यादीत `antibacterial` होतं आणि शोध रिकामा आला होता. तरी दुसऱ्या बुलेटमध्ये `anti-bacterial inner coating` ढळढळीत लिहिलेलं होतं. एका जोडरेघेने शब्द निसटला. `best seller` चंही तेच. डोळ्यांना दोन शब्दांमध्ये साधी जागा दिसत होती, पण ती वेबपानावरून कॉपी करताना आलेली न तुटणारी जागा होती. तिचा कोड वेगळा, म्हणून जुळणी होत नाही.

यावर माझा उपाय म्हणजे दुसरी फेरी. मजकुरातल्या सगळ्या जागा आणि जोडरेघा काढून टाकायच्या आणि मग शोधायचं. पण ही फेरी फक्त लांब शब्दांसाठी. छोटे शब्द त्यात घातले की भलतंच होतं. याच बाटलीच्या वर्णनात `This is a leakproof bottle` असं निरागस वाक्य होतं. जागा काढल्या की `isaleakproof` होतं आणि त्यात चक्क `sale` उमटतं.

जंतूंच्या दाव्यावर मात्र कोणतीही सवलत नसते, आणि ते का हे बाईंना नीट सांगावं लागलं. त्यांचं म्हणणं होतं, "मॅडम, कारखानदारानेच लिहून दिलंय, मी मनाने काही घातलेलं नाही." खरंच होतं ते. पण एखादी वस्तू जंतू मारते असं लिहिलं की अमेरिकेसारख्या ठिकाणी तो कीटकनाशक कायद्याच्या कक्षेतला दावा होतो. तिथे नोंदणी नसलेल्या वस्तूबद्दल फार तर एवढंच म्हणता येतं की लेपामुळे खुद्द त्या वस्तूचं संरक्षण होतं. वापरणाऱ्याला त्याचा काही आरोग्यलाभ होतो असं म्हणता येत नाही. बेकायदा कीटकनाशकं आपल्या साइटवरून विकली गेल्याच्या प्रकरणात ॲमेझॉनने २०१८ साली तिथल्या पर्यावरण संस्थेशी सुमारे १२ लाख डॉलर भरून तडजोड केली होती. अशा अनुभवांनंतर मार्केटप्लेस हा शब्द दिसला की आधी लिस्टिंग अडवतात, विचारपूस नंतर. आम्ही तो बुलेट मऊ करत बसलो नाही, पूर्ण काढला. त्या जागी झाकणाचं रबर सुटं करून धुता येतं हे लिहिलं. ते खरं होतं आणि कामाचंही.

वर्णन मराठीतही दिलेलं होतं आणि तिथे एक वेगळीच गोम होती. मी शोधासाठी पायथन वापरते. त्यात `\b` ही शब्दसीमा अक्षरांवरून ठरते, पण देवनागरीतल्या मात्रांना आणि वेलांट्यांना ते अक्षर मानत नाही. त्यामुळे "हमी" हा शब्द दोन्ही सीमा लावून शोधला तर तो सापडतच नाही. शेवटची वेलांटी अक्षर नाही, पुढची जागाही अक्षर नाही, मग दोघांमध्ये सीमा कुठून येणार? गंमत म्हणजे तोच शोध "हमीपत्र" मधली हमी बिनचूक पकडतो, कारण वेलांटीनंतर "प" येतो.

```python
import re
s = "एक वर्षाची हमी मिळेल"
re.search(r"\bहमी\b", s)                   # None
re.search(r"(?<![\u0900-\u097F])हमी", s)   # सापडतं
```

दुसऱ्या शोधात मी फक्त शब्दाच्या आधी देवनागरी काही नको एवढंच सांगते, मागची बाजू मोकळी ठेवते. ते मुद्दाम. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. हमीसह, हमीची, मोफतच अशी रूपं मागची सीमा लावली की हातची जातात. मागची बाजू मोकळी ठेवल्यावर काही फालतू शब्दही येतात, ते डोळ्यांनी गाळायचे. रिकामा आलेला शोध म्हणजे मजकूर स्वच्छ, असं देवनागरीत तरी मी मानत नाही. आधी जो शब्द मजकुरात आहे हे पक्कं ठाऊक आहे तो शोधून बघते. तो सापडला तरच बाकीच्या निकालावर विश्वास.

आवश्यक माहितीचं प्रकरण मला सोपं वाटलं होतं, कारण टेम्प्लेटमधला एकही सक्तीचा रकाना रिकामा नव्हता. सक्तीचे रकाने भरलेले असूनही "माहिती अपुरी" असा शेरा आला की बहुधा भरलेलं मूल्य यंत्रणेने ओळखलेलं नसतं. साहित्याच्या रकान्यात `Stainless Steel` होतं आणि मान्य मूल्यांच्या यादीतही नेमकं तेच. तरी नाकारलं गेलं होतं. त्या पेशीची लांबी मोजली:

```
=LEN(F7)
```

उत्तर १६ आलं. `Stainless Steel` मध्ये जागेसकट १५ अक्षरं आहेत. म्हणजे शेवटी एक न दिसणारी जागा चिकटलेली. `TRIM` लावूनही ती जाईना, कारण तीही न तुटणारीच होती आणि `TRIM` फक्त साध्या जागा काढतं. आधी `=SUBSTITUTE(F7,UNICHAR(160)," ")` ने तिची साधी जागा केली, मग `TRIM`.

पण टेम्प्लेटमध्ये त्या रकान्याला निवडयादी होती, मग चुकीचं मूल्य आत शिरलंच कसं? पेस्ट केल्यामुळे. एक्सेल टाइप केलेलं मूल्य यादीशी ताडून बघतं, पेस्ट केलेलं बघत नाही. उलट दुसऱ्या पेशीतून कॉपी करून साधं पेस्ट केलं की त्या पेशीवरचा नियमही पुसला जातो. तेव्हापासून ती पेशी काहीही स्वीकारते आणि वर तक्रारही करत नाही. हे ओळखायची खूण सोपी आहे: पेशीवर क्लिक केल्यावर बाजूला निवडयादीचा छोटा बाण येत नसेल तर तिथे पेस्ट झालंय. मी संपूर्ण रकान्यावर बाण बघत खाली गेले. साहित्य, झाकणाचा प्रकार आणि एकक, तिन्हींचे बाण गायब होते.

एककाने आणखी एक गोष्ट दाखवली. ७५० मिलिलिटरच्या दोन ओळींत क्षमतेच्या रकान्यात ०.७५ आणि एककात मिलिलिटर असं होतं. मूळ शीटमध्ये लिटर असणार, कोणीतरी एकक बदललं आणि आकडा तसाच राहिला. यंत्रणेला यात काहीच वावगं वाटत नाही, आकडा आहे आणि एककही यादीतलं आहे. पण ग्राहकाने क्षमतेचा फिल्टर लावला की ती बाटली पाऊण मिलिलिटरची म्हणून गाळली जाते. म्हणून मी शीर्षकातला आकडा आणि रकान्यातला आकडा शेजारी ठेवून ताडते. झाकणाच्या साहित्यात तर `NA` लिहिलेलं होतं. तो रकाना एरवी ऐच्छिक होता, पण झाकणाचा प्रकार निवडला की सक्तीचा होत होता. अशी अट टेम्प्लेटच्या रंगात दिसत नाही, माहितीच्या वेगळ्या टॅबवर लिहिलेली असते. बाईंनी `polypropylene` असल्याचं कारखान्याकडून विचारून घेतलं आणि ते भरलं.

पॅरेंटच्या ओळीवर फार वेळ घालवला नाही. तिथे रंग, आकार, बारकोड रिकामेच ठेवायचे असतात. भरलेले होते ते पुसले.

प्रतिमांच्या बाबतीत बाई ठाम होत्या. "प्रत्येकीला सहा फोटो दिलेत, तुम्ही मोजा हवं तर." मोजले, टेम्प्लेटमध्ये सहाच लिंक होत्या. फक्त लिंक म्हणजे फोटो नव्हे. मार्केटप्लेसचा सर्व्हर त्या पत्त्यावर जातो आणि जे मिळेल ते उचलतो. तिथे खरंच चित्र मिळतं का, हे बघायला मी ब्राउझर वापरत नाही, कारण ब्राउझर आपल्या लॉगिनवर सगळं उघडून दाखवतो. एवढं पुरतं:

```
curl -sIL "<फोटोची लिंक>" | grep -i content-type
```

चित्र असेल तर उत्तर `image/jpeg` किंवा तसंच काहीतरी येतं. ५०० मिलिलिटरच्या चारही रंगांत दोन-दोन लिंकांवर `text/html` आलं. त्या ऑनलाइन ड्राइव्हच्या शेअर केलेल्या पानाच्या लिंक होत्या. माणसाला पानावर फोटो दिसतो, यंत्राला मिळतं ते पान. मग उरलेले फोटो उतरवून त्यांच्या फाइलींचे हॅश, म्हणजे फाइलीतल्या डेटावरून निघणारे ठसे, काढले, तर प्रत्येक चाइल्डमध्ये एकच फोटो वेगवेगळ्या नावांनी दोनदा होता. यंत्रणा तो एकच धरते. हिशेब लागला: ५०० मिलिलिटरला सहातून दोन पानं गेली, एक जुळा फोटो गेला, उरले तीन, आणि नियम किमान चारचा. ७५० मिलिलिटरला सहातून एकच गेला, पाच उरले. म्हणजे प्रतिमांचा शेरा फक्त चार चाइल्डना लागू होता, बाकी चार संख्येच्या बाबतीत निर्दोष होती. हॅशने फक्त तंतोतंत सारख्या फाइली सापडतात. तोच फोटो आकार बदलून परत दिला असेल तर हॅश वेगळा येतो. म्हणून शेवटी सगळे फोटो छोट्या चौकटींत शेजारी मांडून एकदा नजर टाकायची.

ती नजर टाकताना संख्येच्या नियमात न बसणाऱ्या दोन गोष्टी दिसल्या. मापं दाखवणारा फोटो आठही चाइल्डमध्ये एकच होता आणि त्यावर मोठ्या बाटलीची उंची लिहिलेली होती. लहान बाटली घेणारा माणूस ती उंची बघून पिशवीत मावेल का ठरवणार आणि मग माल परत पाठवणार. दुसरी गोष्ट म्हणजे तिसऱ्या फोटोवर ढालीच्या चिन्हाशेजारी `ANTI-BACTERIAL` असं ठळक छापलेलं होतं. मजकुरातून काढलेला दावा फोटोत शाबूत राहतो आणि लिस्टिंग पुन्हा अडकतं, हे इतक्यांदा बघितलंय की फोटोवरचे शब्द मी हाताने टाइप करून त्याच उभ्या शीटवर घेते आणि बाकीच्या मजकुरासारखेच तपासते.

डिझाइनरला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तेवढा शब्द पुसून देतो, ढाल राहू दे, छान दिसतेय."

"ढालीवर जंतूंची चित्रं आहेत ना रे? शब्द न लिहिताही तेच सांगतेय ती. सगळंच काढ, आणि त्या जागी सुटं केलेलं झाकण आणि रबर दाखव."

त्याने ते केलं, शिवाय लहान बाटलीसाठी मापांचा वेगळा फोटो आणि जुळ्या फोटोच्या जागी तळाचा क्लोजअपही दिला. सगळ्या लिंका थेट चित्राच्या करून घेतल्या आणि प्रत्येकीला `image/jpeg` येतंय हे बघूनच टेम्प्लेटमध्ये टाकल्या.

एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत झालं नाही. निळ्या रंगाचं नाव `Free Spirit Blue` होतं आणि ते माझ्या शोधात आलं होतं. नियमाच्या अर्थाने त्यात काहीच गैर नाही, पण यंत्रणा अर्थ बघत नाही आणि `-free` चा अपवाद इथे लागू पडत नाही, असं मी म्हटलं. बाईंचं म्हणणं, हेच नाव खोक्यावर छापलंय, ग्राहकाला वेगळं नाव दाखवलं तर तो गोंधळेल. तेही चुकीचं नव्हतं. मग नाव तसंच ठेवून अपलोड केलं. सहा चाइल्ड सुरू झाली, दोन्ही निळी अडकली, शेरा तोच: निषिद्ध शब्द.

अपील करता आलं असतं. खोक्याचा फोटो जोडून, हे रंगाचं नाव आहे असं लिहून पाठवायचं आणि उत्तराची वाट बघायची. तोवर पॅरेंटच्या पानावर निळा रंग दिसलाच नसता. बाईंनी विचार करून `Spirit Blue` ला होकार दिला. खोक्यावरच्या नावाचा एवढा भाग तरी राहत होता. मी `color_name` मध्ये फक्त तेवढा बदल केला. `color_map` मधलं `Blue` तसंच ठेवलं, कारण रंगाचा फिल्टर त्यावर चालतो. एसकेयूला, म्हणजे विक्रेत्याने वस्तूला दिलेल्या ओळखक्रमांकाला, हात लावला नाही, नाहीतर तीच बाटली नवं चाइल्ड म्हणून दुसऱ्यांदा नोंदली गेली असती. मग पूर्ण फाइल न चढवता त्या दोनच ओळी अंशतः बदल म्हणून पाठवल्या, आणि दोन्ही मान्य झाल्यावर लॉगिन नसलेल्या खिडकीत पान उघडून आठही रंग-आकारांवर एकेक क्लिक करत फोटो मोजले. प्रत्येकाला सहा.